आपली जमीन, घर कुठे आहे आणि त्याचे कागद कुठे आहेत, याचं एक पान लिहून ठेवा. फक्त एक.

आज मैत्रिणीकडे जाऊन आले. तिचे मिस्टर जाऊन महिनाही झालेला नाही. जेवणाच्या टेबलावर फायली, प्लॅस्टिकच्या पिशव्या, लाइटची जुनी बिलं, विम्याच्या पावत्या असा ढीग होता आणि दोन्ही मुलं त्यात डोकं घालून बसली होती. ती मला म्हणाली, "अगं, यांनी फलटणकडे कुठेतरी प्लॉट घेतला होता. गाव आठवत नाही मला." आणि रडायला लागली. नवऱ्यासाठी रडावं की प्लॉटचं गाव आठवत नाही म्हणून, हेही तिला कळत नव्हतं. घरी आल्यापासून माझा संताप संताप होतोय.

काकालोक म्हणतात, "हल्ली सगळं ऑनलाइन असतं, नाव टाकलं की सापडतं." नाही सापडत! सातबारा दाखवणाऱ्या सरकारी महाभूलेख साइटवर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं. नावाने शोधता येतं, पण त्या एका गावापुरतं. आठ-अ काढला तर खातेदाराची सगळी जमीन एका कागदावर दिसते, पण तीही त्याच गावातली. गावाचं नावच माहीत नसेल तर सरकारकडे सगळं असूनही तुमच्या हातात काही नाही.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. आमचे अण्णा गेले तेव्हा कळलं.

अण्णा प्राथमिक शिक्षक. कोरेगाव तालुक्यातलं घर आणि शेत सगळ्यांना माहीत होतं. तेराव्याला एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला मुंडासं, हातात शेंगांची पिशवी. सगळे त्यांना तात्या म्हणत. जेवून झाल्यावर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरांची खटावाकडची जमीन आता कुणी बघायची? मी वाट्यानं करतोय. यंदाची ज्वारी कुणाकडं पोचवू?" दादाने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आईलाही ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांच्या संसारात खटाव तालुक्यातल्या जमिनीचा शब्द तिच्या कानावर नव्हता. दरवर्षी येणारी ज्वारी शाळेतल्या कुणाकडून येते असं ती समजत होती.

तो माणूस गप्प बसला असता तर? जमीन त्याच्या ताब्यात, कसणारा तो, आणि आमच्या घरात त्या जमिनीचा पत्ता कुणालाच नाही.

पुढचं ऐका. ट्रंकेच्या तळाशी १९७२ चं खरेदीखत सापडलं. त्यात सर्व्हे नंबर आणि क्षेत्र १ एकर १२ गुंठे. सातबारा मात्र गट नंबरावर. मधल्या काळात त्या गावात जमिनींचं एकत्रीकरण झालं होतं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले होते. जुना नंबर घेऊन चावडीत गेलो तर त्या नंबराच्या गटात भलत्याच माणसाची जमीन! शेवटी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढला, तेव्हा जुना नंबर कुठल्या गटात गेला ते समजलं. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.५३ हेक्टर. दादा म्हणाला, "जमीन कमी झाली की काय?" कमी नव्हती झाली. १ एकर १२ गुंठे म्हणजे ५२ गुंठे, म्हणजे जवळपास ५३ आर, म्हणजेच ०.५३ हेक्टर, हिशेब तोच. पण नाव? सगळ्या कागदांवर विश्वनाथ आणि तिथे 'विसू'. गाव माहीत असूनही नावाने शोधून ते खातं कधीच निघालं नसतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं, आमचे तीन महिने तर नंबर शोधण्यातच गेले.

अण्णांनी एक ओळ लिहून ठेवली असती! गाव, तालुका, गट नंबर, सातबाऱ्यावर नाव 'विसू' असं आहे, खरेदीखत ट्रंकेत तळाला, तात्या वाट्याने करतात. एवढंच. मास्तर होते हो ते. चाळीस वर्षं मुलांचं हजेरीपत्रक न चुकता भरणारा माणूस.

मैत्रिणीकडे आज एक नातेवाईक म्हणाले, "जिवंत माणसाच्या मालमत्तेची यादी करणं बरं दिसत नाही." मग मेल्यावर बायको-मुलांनी पिशव्या उपसणं बरं दिसतं का? आणि दुसरं कारण कुणी बोलत नाही ते मी बोलते. लेकींना कळू नये म्हणून कागद दडवले जातात. कळलं की त्या हिस्सा मागतील. अहो, कायद्याने तो त्यांचाच आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांचा सारखा हक्क. यादी लपवून तो हक्क जात नाही, फक्त बहीण-भावात संशय उरतो. माझ्या दादाने तात्यांचं बोलणं पाच मिनिटांत मला येऊन सांगितलं, म्हणून आज आमचं घर एक आहे.

बरं, हेही मान्य की यादी भलत्याच्या हाती पडली तर त्रास होऊ शकतो, आणि यादी म्हणजे मृत्युपत्र नाही. म्हणूनच त्यात 'हे थोरल्याला, ते धाकटीला' असलं काही लिहू नका, नाहीतर त्या कागदावरूनच भांडण पेटेल. पासवर्डही नकोत. काय आहे, कुठे आहे, कुणाच्या नावावर आणि कागदावर ते नाव नेमकं कसं लिहिलंय, मूळ कागद कुठे, आणि बघतो कोण, त्याचा मोबाइल. खाली तारीख आणि सही.

मूळ कागद कुठे, यात खरं लिहा. आमच्या फ्लॅटचा करारनामा कर्जापायी बँकेत आहे आणि घरात आहे ती झेरॉक्स, हे मी स्पष्ट लिहिलंय. नाहीतर मुलं कपाट उलटंपालटं करत बसतील. सोसायटीत नॉमिनी कोण तेही लिहिलंय, आणि शेजारी हेही की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस सगळेच. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर सापडत नाही. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असते, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. तेही ओळीत घातलं. भावकीत सामाईक आहे, घरपट्टी चुलतभाऊ भरतो, त्याचं नाव लिहिलं.

आता राग जरा उतरलाय. रविवारी मैत्रिणीकडे परत जाणार आहे. तिला म्हटलं, रजिस्ट्रीची पावती, इंडेक्स टू, मोजणीचा नकाशा, काहीही मिळालं तरी त्यावर गावाचं नाव असेल, आधी फक्त तेवढं शोधू. आणि ते कुणाबरोबर प्लॉट बघायला गेले होते ते आठव. माणूस एकटा जात नाही प्लॉट बघायला.

आमचं पान आईच्या देवघरातल्या खणात असतं, एक प्रत दादाकडे, एक माझ्याकडे. आत्ता काढून बघितलं. तिसऱ्या ओळीत 'बघतो कोण' खाली अजून तात्यांचं नाव आहे. तात्या मागच्या पावसाळ्यात गेले. आता जमीन त्यांचा धाकटा मुलगा करतो. त्याचा नंबर दादाकडून घेतलाय, आत्ता लिहिते.