लिंकच्या आधी दोन ओळी

"मावशी, एका ज्येष्ठ संशोधकांकडे मार्गदर्शनासाठी अर्धा तास मागितला आणि माझी बुकिंगची लिंक दिली. त्यांचं उत्तर आलं, 'भेट तुम्हाला हवी, मग वेळ मी का शोधायची?' माझं काय चुकलं?"

मला त्यांचं म्हणणं पटतं. लिंक उघडा, तारखा चाळा, नाव-ईमेल भरा, एवढं काम तू त्यांच्या गळ्यात घातलंस, तेही त्यांनी होकार देण्याआधी.

घरच्या ग्रुपवर यावर वाद झालाच. दादा म्हणतो, मोठ्या माणसांना लिंक पाठवूच नये. अर्धं खरं आहे. तुझा मामेभाऊ त्याच्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं सांगत बसला, पण तिथे गरज पेशंटची असते, म्हणून कुणाला खटकत नाही. इकडे युरोपात अशा लिंका रोजच्याच, तरी ऑफिसात त्यावरून रुसवे होतात.

आमच्याकडे भेटी ठरवण्यात मुरलेली एक सहकारी आहे. तिची पद्धत मी उचलली. तू असं लिहून बघ:

"भारतीय वेळेप्रमाणे मंगळवारी दुपारी ४ किंवा गुरुवारी सकाळी ११ वाजता जमेल का? नुसतं 'मंगळवार' कळवलंत तरी पुरे, निमंत्रण मी पाठवते. यातलं काही सोयीचं नसेल आणि स्वतः वेळ बघणं बरं वाटत असेल, तर ही लिंक. आपलीच लिंक असेल तर ती पाठवा, मी त्यात वेळ घेईन."

आता त्यांना एका शब्दात उत्तर देता येतं, आणि लिंक न उघडताही भेट ठरते.

मात्र सुचवलेल्या दोन्ही वेळा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लगेच 'व्यस्त' करून ठेव. मी एकदा ते विसरले. गुरुवारची वेळ दुसऱ्याच कुणीतरी लिंकवरून घेतली आणि ज्यांना ती मी आपणहून देऊ केली होती, त्यांची माफी मागावी लागली.

घड्याळाचंही बघ. लिंकचं पान सहसा उघडणाऱ्याच्या ठिकाणची वेळ दाखवतं, पण मजकुरातली वेळ आपोआप बदलत नाही. मध्य युरोप आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी ते साडेतीनवर येतं. म्हणून 'भारतीय वेळ' असं स्पष्ट लिहावं.

पाठवण्याआधी खासगी विंडोत लिंक स्वतः उघडून बघ. पहिली मोकळी वेळ तीन आठवड्यांनंतरची दिसली किंवा फॉर्ममध्ये फोन नंबर नि भेटीचं कारण सक्तीचं असेल, तर गोड मजकुराचा उपयोग नाही. नाव आणि ईमेल एवढंच ठेव; कारण तू पत्रात लिहिलंच आहेस.

आधी कधीच बोलणं झालं नसेल, तर पहिल्या पत्रात लिंक असावी का, यावर माझं आणि त्या सहकारीचं अजून जमत नाही. ती म्हणते, असू दे. मी होकार येईपर्यंत थांबते.