हर्मिशियन मॅट्रिक्स: आयगेन व्हॅल्यू वास्तव येतात त्या बारमुळे

«हर्मिशियन मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू वास्तव का असतात? अगदी सोपं. एक, तिच्या कर्णावरच्या सगळ्या संख्या वास्तव असतात. दोन, कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशनचे सहगुणक वास्तव येतात, म्हणून मुळंही वास्तव. तीन, मॅट्रिक्स सममित असली की झालं, आत i असला तरी चालतं. बार लावायची भानगड फक्त पुस्तकात. नमपायमध्ये तपासून पाहिलंय. परीक्षेआधी सगळ्यांना पाठवा.»

परीक्षेच्या तोंडावर फिरणाऱ्या या टिपणाचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यासाठी दिलेली तिन्ही कारणं चूक आहेत. मुलं अशी टिपणं पाठ करतात आणि पुढे क्वांटम मेकॅनिक्सच्या पहिल्याच प्रकरणात अडखळतात, म्हणून एकेका कारणाकडे नीट बघू.

आधी कर्ण. हर्मिशियन म्हणजे ट्रान्सपोज करून प्रत्येक संख्येवर बार लावला, म्हणजे i च्या जागी -i लिहिला, तर मिळणारी मॅट्रिक्स मूळ मॅट्रिक्सच असते. या क्रियेला आपण A* म्हणू, म्हणजे अट झाली A* = A. कर्णावरची संख्या ट्रान्सपोजमध्ये जागची हलत नाही, तिच्यावर फक्त बार लागतो. बार लावूनही ती तीच राहिली पाहिजे, म्हणून ती वास्तव. इथवर टिपण ठीक आहे. पण कर्ण वास्तव असणं हा हर्मिशियन असण्याचा परिणाम आहे, आयगेन व्हॅल्यू वास्तव असण्याचं कारण नाही. ९० अंशांच्या भ्रमणाची मॅट्रिक्स बघा:

```
R = [ 0  -1 ]
    [ 1   0 ]
```

कर्ण वास्तव आहे, किंबहुना सगळ्याच संख्या वास्तव आहेत. तरी समीकरण येतं λ² + 1 = 0 आणि आयगेन व्हॅल्यू i आणि -i. तशा त्या याव्याच लागतात, कारण प्रतलातला प्रत्येक सदिश ९० अंशांनी वळला तर आपल्याच रेषेवर राहणारा वास्तव सदिश उरतोच कुठे? कर्ण आपल्याला एवढंच सांगतो की आयगेन व्हॅल्यूंची बेरीज किती. ती बेरीज इथे शून्य आहे, आणि i + (-i) सुद्धा शून्यच.

दुसरं कारण याच उदाहरणात कोसळतं. λ² + 1 चे सहगुणक वास्तव आहेत, मुळं नाहीत. वास्तव सहगुणकांमुळे एवढंच ठरतं की एखादं मूळ संमिश्र असेल तर त्याचं अनुबद्ध, म्हणजे बार लावलेलं, मूळही सोबत येईल. हर्मिशियन मॅट्रिक्सच्या समीकरणाचे सहगुणक वास्तव असतात हे खरं आहे, पण त्यावरून निष्कर्षाकडे जाणारी वाट नाही. दहावीत वर्गसमीकरणाच्या मुळांचं स्वरूप ठरवायला आपण विवेचक बघायचो. इथेही तेच करायला हवं.

म्हणून दोन बाय दोनची हर्मिशियन मॅट्रिक्स घेऊ:

```
H = [ 2     1-i ]
    [ 1+i   3   ]
```

वर उजवीकडे 1-i, खाली डावीकडे त्याची अनुबद्ध 1+i. कर्णाची बेरीज ५. निश्चयक 6 - (1-i)(1+i), म्हणजे ६ वजा २, म्हणजे ४. समीकरण λ² - 5λ + 4 = 0, मुळं १ आणि ४. आत i आहे, उत्तरात नाही. पण i कुठे गेला? निश्चयक काढताना 1-i ला तिच्या अनुबद्ध संख्येने गुणलं, आणि संख्या गुणिले तिची अनुबद्ध म्हणजे तिच्या मापाचा वर्ग. तो वास्तव असतो आणि कधीच ऋण नसतो.

हेच सर्वसाधारण रूपात मांडू. कर्णावर a आणि d, वर b आणि खाली b बार असेल तर विवेचक असा येतो:

```
(a + d)² - 4(ad - |b|²) = (a - d)² + 4|b|²
```

दोन वर्गांची बेरीज, म्हणजे ऋण होणं शक्यच नाही. दोन बाय दोनपुरती ही पूर्ण सिद्धता झाली. आपल्या उदाहरणात 1 + 4·2 = 9, वर्गमूळ ३, आणि (५ ± ३)/२ म्हणजे ४ आणि १.

आता तिसरं कारण, नुसता सममितपणा. बार काढून टाकला तर काय होतं? खाली 1+i च्या जागी 1-i च लिहू, म्हणजे मॅट्रिक्स नुसती सममित होईल:

```
S = [ 2     1-i ]
    [ 1-i   3   ]
```

विवेचकात |b|² च्या जागी b² येतो. (1-i)² म्हणजे -2i, म्हणून विवेचक 1 - 8i. त्याचं वर्गमूळ वास्तव असूच शकत नाही. आयगेन व्हॅल्यू येतात साधारण 3.564 - 0.940i आणि 1.436 + 0.940i. सहगुणकही आता वास्तव उरले नाहीत, कारण निश्चयक 6 + 2i झाला. फक्त एक चिन्ह बदललं होतं.

हा गोंधळ कुठून येतो हेही मला कळतं. आपण आधी वास्तव संख्यांच्या सममित मॅट्रिक्स शिकतो. तिथे बार लावला तरी काही बदलत नाही, त्यामुळे तो दिसतच नाही, आणि सममितपणाच सगळं काम करतो असं वाटायला लागतं. इतिहासही याच क्रमाने गेला. वास्तव सममित मॅट्रिक्सबद्दलचा निष्कर्ष कोशीने १८२९ मध्ये सिद्ध केला. त्यात संमिश्र संख्या आणायच्या तर ट्रान्सपोजबरोबर बारही हवा, हे रूप शार्ल एर्मीत यांनी १८५५ मध्ये मांडलं. त्यांच्याच आडनावाच्या इंग्रजी उच्चारावरून आपण हर्मिशियन म्हणतो.

दोन बाय दोनच्या पुढे विवेचक कामाला येत नाही. मॅट्रिक्स कितीही मोठी असो, लागू पडणारी सिद्धता अशी आहे. Ax = λx, आणि x हा शून्य सदिश नाही. दोन्ही बाजूंना डावीकडून x* ने गुणा. x* म्हणजे स्तंभाची ओळ केली आणि प्रत्येक घटकावर बार लावला.

```
x*Ax = λ · x*x
```

डावीकडे आता मॅट्रिक्स राहिलेली नाही, एक बाय एक, म्हणजे साधी संख्या आहे. संख्येवर स्टार लावणं म्हणजे नुसता बार लावणं. गुणाकारावर स्टार लावला की क्रम उलटतो, म्हणून

```
(x*Ax)* = x*A*x = x*Ax
```

शेवटच्या पायरीत A* = A वापरलं. सगळ्या सिद्धतेत ही अट एवढ्या एकाच जागी लागते. म्हणजे ही संख्या आपल्या अनुबद्ध संख्येइतकीच आहे, अर्थात वास्तव आहे. उजवीकडचं x*x म्हणजे x च्या घटकांच्या मापांच्या वर्गांची बेरीज. x शून्य नसल्यामुळे ती धनच असते. म्हणून λ म्हणजे वास्तव संख्या भागिले धन संख्या. सिद्धता संपली.

H वर ताडून बघू. λ = 4 साठी x चे घटक 1 आणि 1+i. पहिली ओळ: 2 + (1-i)(1+i) = 4. दुसरी ओळ: (1+i) + 3(1+i) = 4(1+i). म्हणजे Hx खरोखर 4x आहे. आता x*Hx काढताना दर घटकाला त्याच्या अनुबद्ध संख्येने गुणायचं: 1·4 + (1-i)·4(1+i) = 4 + 8 = 12. x*x = 1 + 2 = 3. बारा भागिले तीन, चार.

बारची ही भानगड टाळून x* च्या जागी नुसता ट्रान्सपोज वापरणारी सिद्धताही वह्यांमधून फिरताना दिसते. ती दोन ठिकाणी मोडते. संमिश्र सममित A वर बार लावला की A तीच राहत नाही, म्हणून डावीकडची संख्या वास्तव ठरत नाही. दुसरी अडचण जास्त घातक आहे. ज्याने भागायचं ती संख्या शून्य असू शकते. वरच्या R ला i ने गुणा:

```
iR = [ 0  -i ]
     [ i   0 ]
```

इलेक्ट्रॉनच्या स्पिनसाठी वापरतात त्या तीन पाउली मॅट्रिक्सपैकी ही एक. ही हर्मिशियन आहे, आणि तिच्या आयगेन व्हॅल्यू १ आणि -१. λ = 1 चा सदिश घ्या, घटक 1 आणि i. नुसता ट्रान्सपोज वापरला तर 1·1 + i·i = 0, आणि पुढची पायरी शून्याने भागण्याची. बार लावला की 1·1 + (-i)·i = 2. म्हणजे आयगेन व्हॅल्यू व्यवस्थित वास्तव असतानाही ती सिद्धता चालत नाही. वास्तव सममित मॅट्रिक्ससाठीसुद्धा x* च लागतो, कारण आयगेन व्हॅल्यू वास्तव आहे हेच अजून सिद्ध व्हायचं आहे, तेव्हा x चे घटक वास्तव आहेत असं आधीच धरून चालता येत नाही.

राहिलं नमपायमध्ये तपासल्याचं. लिहिणाऱ्याने खरंच तपासलं असणार आणि खरंच वास्तव आकडे दिसले असणार. वरचीच S देऊन बघा:

```python
import numpy as np
S = np.array([[2, 1-1j], [1-1j, 3]])
print(np.linalg.eigvalsh(S))
print(np.linalg.eigvals(S))
print(np.allclose(S, S.conj().T))
```

पहिली ओळ १ आणि ४ छापते, म्हणजे H ची उत्तरं. `eigvalsh` नावातला h हर्मिशियनचा आहे. मॅट्रिक्स हर्मिशियन आहे असं ते फंक्शन गृहीत धरतं, तपासत नाही. काही वेगळं सांगितलं नाही तर कर्ण आणि त्याखालचा त्रिकोण एवढंच वाचतं आणि वरचा भाग मनानेच बार लावून भरतं. खाली 1-i दिसलं, म्हणून वर 1+i धरलं गेलं. अशी मॅट्रिक्स H नसली तरी तिचा |b|² तोच, म्हणून उत्तरं तीच. एररही येत नाही. दुसरी ओळ, म्हणजे साधं `eigvals`, वर काढलेल्या दोन संमिश्र संख्या दाखवते. तिसरी ओळ `False` छापते. `eigvalsh` वापरण्याआधी चालवायची ती ही ओळ.