कळावे, लोभ असावा, नोकरी नसली तरी

नोकरी मिळाल्याची बातमी फोनवर येते आणि न मिळाल्याची मेलवर. त्यामुळे शेवटच्या फेरीनंतर इनबॉक्समध्ये कंपनीचं नाव दिसलं की मेल उघडायची गरजच उरत नाही. तरी आपण उघडतो. आत आपलं इतकं कौतुक असतं की वाचताना वाटावं, एवढा गुणी माणूस यांनी सोडला तरी कसा! आपला अनुभव समृद्ध असतो, आपल्याशी बोलून त्यांना आनंद झालेला असतो, निर्णय अत्यंत कठीण गेलेला असतो. आणि दुसऱ्या परिच्छेदात तो कठीण निर्णय त्यांनी घेऊन टाकलेला असतो.

मला असा मेल आला तो ग्राहकसेवा विभागातल्या टीमप्रमुखाच्या जागेसाठी. तीन फेऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या फेरीत तुंबलेल्या तक्रारी कमी कशा कराल यावर मी सादरीकरण केलं होतं, आणि समोरचे तिघेही माना डोलावत होते. मान डोलावणं हा मुलाखत घेणाऱ्यांचा व्यायाम असतो, हे मला नंतर कळलं.

मेल वाचून पाच मिनिटांत मी उत्तर लिहायला बसलो. लिहिलं ते असं: ‘आपला निर्णय मान्य आहे. मात्र माझ्या अनुभवाच्या तोडीचा उमेदवार आपल्याला सापडला असल्यास आश्चर्य वाटेल. निवडीचे निकष कळवावेत.’ मला ते संयमी वाटत होतं. नशिबाने माझी ताई गेली कित्येक वर्षं भरतीच्याच कामात आहे. असले मेल पाठवण्यात तिचा दिवस जातो, म्हणून मजकूर तिला दाखवला.

‘हे उत्तर नाहीये, ही नोटीस आहे,’ ती म्हणाली. ‘आणि पहिलं काम कर, वरचा पत्ता पुसून टाक. “प्रति”ची चौकट भरलेली असताना मसुदा लिहायचा नसतो. बोट कुठेही पडतं.’

पत्ता पुसताना तिने तोही तपासला. कंपन्यांची भरती आता सॉफ्टवेअरवर चालते. अर्जाच्या नोंदीवर कुणीतरी ‘नामंजूर’ निवडलं की ठरलेला मजकूर आपोआप सुटतो, आणि तो बऱ्याचदा noreply अशा पत्त्यावरून येतो. त्याला कितीही हृदयस्पर्शी उत्तर लिहिलं तरी ते कुणी वाचत नाही. काही ठिकाणी तर नकार मुद्दाम काही तास किंवा दिवस थांबवून सोडायची सोय असते, म्हणजे अर्ज दुपारी दोनला आणि नकार दोन वाजून तीन मिनिटांनी, असं व्हायला नको. सॉफ्टवेअरलाही जनाची लाज शिकवलेली आहे.

‘नुसत्या अर्जावर नकार आला असता तर मी तुला उत्तरच लिहू दिलं नसतं,’ ताई म्हणाली. ‘तुला कुणी भेटलेलंच नाही, मग ते अभिप्राय कशाचा देणार? पण तू तिघांसमोर बसून आलायस, म्हणजे कुणाकडे तरी तुझ्याबद्दल टिपणं आहेत. मुलाखतीच्या वेळा कुणी कळवत होतं? त्या बाईंनाच लिही. त्याच जुन्या मेलच्या साखळीत लिही, म्हणजे तू कोण, कुठली जागा, कुठली फेरी, सगळं खाली सापडेल. पॅनेलमधल्या तिघांना वेगवेगळं लिहू नकोस. ते जेवायच्या सुट्टीत एकमेकांना दाखवतात.’

मग दुसरा मसुदा. पहिला ताठ झाला म्हणून हा मी वाकवला. ‘आपल्यासारख्या नामांकित संस्थेने माझ्यासारख्या सामान्य उमेदवारासाठी अमूल्य वेळ खर्च केला, हेच माझे भाग्य. माझ्या चुका पदरात घालून घ्याव्यात. भविष्यात कोणतेही काम असल्यास आनंदाने करीन.’

‘कोणतंही?’ ताईने विचारलं. ‘दारावरचा पहारेकरी हवाय त्यांना.’

तिचं म्हणणं असं की दार उघडं ठेवणं म्हणजे उंबऱ्यावर लोळण घेणं नव्हे. पण ते ठेवायचं का, यामागे शिष्टाचारापलीकडचं कारण आहे, आणि ते ऐकून माझा रडवेला चेहरा जरा सावरला. निवडलेला माणूस रुजू होईलच असं नसतं. तो हे नियुक्तिपत्र आपल्या जुन्या साहेबासमोर नाचवतो, पगार वाढवून घेतो आणि तिथेच राहतो. कधी कागदपत्रांच्या पडताळणीत अडकतो. कधी परिवीक्षेच्या काळातच त्याला किंवा कंपनीला उपरती होते. अशा वेळी पुन्हा जाहिरात, पुन्हा चाळणी, पुन्हा तीन फेऱ्या करायचा कुणालाही उत्साह नसतो. मग यादीतल्या दुसऱ्या नावाकडे बघितलं जातं. ते दुसरं नाव नकारावर काय बोललं होतं, हे त्या वेळी हमखास आठवतं.

‘पण मी दुसराच होतो कशावरून? सातवा असेन.’

‘नकार कधी आला?’

‘शेवटच्या फेरीनंतर तीन आठवड्यांनी. मी आठवण केली तेव्हा “प्रक्रिया सुरू आहे” म्हणाले.’

‘मग बरीच शक्यता आहे. पहिल्याने सही करेपर्यंत दुसऱ्याला लटकवून ठेवतात. सातव्याला दुसऱ्याच दिवशी कळवतात. खात्री नाही देत मी, कधी फक्त साहेब रजेवर असतो.’

आता हे सांत्वन होतं की अपमान, हे ठरवायला मला संध्याकाळ लागली. तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता तो माझ्या लायकीमुळे, म्हणजे लायकी कमी असती तर लवकर सुटलो असतो.

ताईने त्या दिवशी पाठवूच दिलं नाही. पाच मिनिटांत आलेलं उत्तर कितीही गोड असलं तरी तोंडाला फेस आलेला दिसतो, आणि दहा दिवसांनी पाठवलं तर त्या बाईंच्या टेबलावर दुसरीच जागा असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, फार तर तिसऱ्या. रात्र मध्ये गेल्यावर माझ्या मसुद्यातली ‘तोडीचा’, ‘निकष’ आणि ‘भाग्य’ ही मंडळी आपणहून निघून गेली. उरलं ते हे:

‘नमस्कार मॅडम,

निर्णय कळवल्याबद्दल आभार. निवड झाली नाही याचं वाईट वाटलं, पण तुमच्या टीमने तक्रारींची वर्गवारी नव्याने कशी लावली हे दुसऱ्या फेरीत ऐकायला मिळालं आणि या कामातला माझा रस वाढला. पुढे टीमप्रमुखाची किंवा तक्रार निवारणातली जागा निघाली, तर माझ्या नावाचा जरूर विचार करावा.

एक लहानशी विनंती आहे. शेवटच्या फेरीतल्या सादरीकरणात कोणती एक गोष्ट अधिक भक्कम हवी होती, हे एक-दोन ओळींत सांगता आलं तर पुढच्या तयारीला उपयोग होईल. धोरणामुळे सांगता येत नसेल तर हरकत नाही.

टीमला शुभेच्छा.’

यातल्या एकेका ओळीवर आमचं भांडण झालं आहे. ‘वाईट वाटलं’ मला काढायचं होतं, ताईने ठेवायला लावलं. अजिबात वाईट वाटलं नाही म्हणणारा माणूस एक तर खोटा किंवा त्याला नोकरी नकोच होती. पण एकदाच आणि अर्ध्या वाक्यात, पुढे लगेच ‘पण’. वर्गवारीचा उल्लेख माझा, आणि तो तिला आवडला. ‘आपल्याशी बोलून आनंद झाला’ हे तर त्यांनीच मला लिहिलं होतं, तेच परत करून काय उपयोग! फेरीत खरोखर घडलेली एक गोष्ट लिहिली की मेल छापील वाटत नाही. ‘जरूर विचार करावा’च्या आधी जागेचं नाव घालणंही तिचंच. ‘काहीही असेल तर कळवा’ म्हणणाऱ्याला कुणी काहीच कळवत नाही, कारण कुठल्या जागेच्या वेळी त्याला आठवायचं हेच कळत नाही.

खरी लढाई विनंतीवर झाली. मला सरळ विचारायचं होतं, मला का घेतलं नाही?

‘“का घेतलं नाही” याचं उत्तर मी कुणालाही लेखी देत नाही,’ ताई म्हणाली. आता ती माझी ताई राहिली नव्हती, समोरच्या कंपनीची झाली होती. ‘लेखी दिलेलं कारण उद्या भेदभावाच्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडलं जातं. आमच्याकडे सरळ सूचना आहे, कारण द्यायचं नाही. शिवाय “का” म्हटलं की मला माझ्या निर्णयाची बाजू मांडावी लागते, आणि दुसऱ्या उमेदवाराशी तुलना करावी लागते. ती मी का करू? पण “सादरीकरणात काय हवं होतं” विचारलंस, तर मी टिपणं उघडते, एक ओळ उचलते आणि देते. निर्णयाला धक्का लागत नाही. तुला तेवढंच हवंय ना?’

मला तेवढंच नको होतं. मला त्यांनी रडायला हवं होतं. पण ते दोन ओळींत मागता येत नाही.

शेवटच्या ‘हरकत नाही’वरही मी कुरकुरलो, कारण पळवाट आपणच का दाखवायची? तर म्हणे, पळवाट दिसली की माणूस घाबरत नाही, आणि न घाबरलेला माणूसच उत्तर देतो. आणि नाहीच आलं, तर पुन्हा आठवण करायची नाही. नोकरीची आठवण एकदा करता येते, अभिप्रायाची केली की ती वसुली होते.

उत्तर आलं. चौथ्या दिवशी, दोन ओळींचं. ‘सादरीकरणातलं आकड्यांचं काम उत्तम होतं. मात्र पहिल्या तीस दिवसांत काय कराल, या प्रश्नाला तुमचं उत्तर सहा महिन्यांच्या योजनेचं आलं.’

मी ते वाचलं आणि ताडकन उत्तर लिहायला घेतलं. तुंबलेल्या तक्रारी तीस दिवसांत कमी होत नसतात, आधी त्या मोजायला हव्यात, प्रश्नच चुकीचा होता, आणि तरीही तुम्हाला तीस दिवसांचीच योजना हवी असेल तर सोबत जोडली आहे. जोडलीही होती. साडेचार पानं, शेवटी तक्ता.

ताईने तक्त्याचं कौतुक केलं आणि जोडपत्र काढून टाकलं. ‘वाद घातलास की ती बाई पुढे कुणालाच अभिप्राय देणार नाही, आणि तुला तर नाहीच नाही. ही योजना पुढच्या मुलाखतीला ने. तिथेही हाच प्रश्न येतो.’ मग माझ्या दोन पानी खुलाशाच्या जागी तिने स्वतः टाइप केलं, ‘मुद्दा नेमका लक्षात आला. वेळ काढून सांगितल्याबद्दल आभार.’

दहा मिनिटांत पलीकडून आलं, ‘तुमचेही आभार. योग्य जागा निघाली की नक्की कळवू. शुभेच्छा!’

मी पुन्हा कीबोर्डकडे हात नेला, तर ताईने तो धरला.

‘आता काही नाही लिहायचं.’

‘अगं, शुभेच्छा दिल्यात त्यांनी. नुसतं “धन्यवाद” तरी?’

‘नाही. ती बाई सभ्य आहे. तिला पुन्हा उत्तर द्यावं लागेल.’