‘मॅच्युरिटी टॅक्स फ्री’ म्हणणाऱ्याला आधी हप्ता गुणिले दहा करायला सांगा

आयुर्विम्याचा हप्ता भरला की टॅक्स वाचतो आणि मुदत संपली की मिळणारे पैसे टॅक्स फ्री. सोलापुरात लोकांची रिटर्नं भरून देताना दर जुलैमध्ये ही दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकतो की आता वाद घालत नाही, सरळ ‘पॉलिसीचा बॉण्ड दाखवा’ म्हणतो. कायद्याने सूट दिली आहे हे खरंच आहे. पण ती अटींवर दिली आहे, आणि पॉलिसी विकणाऱ्याच्या तोंडून त्या अटी सहसा बाहेर पडत नाहीत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ती अट एका ओळीची आहे. १ एप्रिल २०१२ नंतर घेतलेली पॉलिसी असेल, तर कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे हप्त्याला दहाने गुणा. विमा रक्कम तेवढी किंवा त्याहून जास्त असली तर तुम्ही सुटलात. एप्रिल २००३ ते मार्च २०१२ मधल्या पॉलिसींना ही मर्यादा २० टक्के होती, तिथे पाचने गुणायचं. त्याआधीच्या जुन्या पॉलिसींना ही अट नव्हतीच. अपंगत्व किंवा कायद्यात नमूद केलेला गंभीर आजार असलेल्या व्यक्तीच्या विम्याला, पॉलिसी एप्रिल २०१३ नंतरची असेल तर, १५ टक्क्यांपर्यंत चालतं.

आता खरा हिशेब. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले आमचे एक अण्णा आहेत. त्यांना विचारून, आकडे थोडे गोल करून लिहितोय. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांच्या खात्यात एक मोठं पेमेंट जमा झालं. बँकेतल्या माणसाने सुचवलं, “एफडीवर दर वर्षी व्याजाचा टॅक्स कशाला भरता? हे एकदाच भरा, दहा वर्षांनी सगळे टॅक्स फ्री.” अण्णांनी ५,००,००० रुपये एकरकमी भरले. बॉण्डवर विमा रक्कम होती ६,२५,०००, म्हणजे हप्त्याच्या सव्वापट. एकरकमी पॉलिसींमध्ये हा सव्वापट प्रकार सर्रास असतो, कारण विम्यावर कमी पैसे खर्च होतात आणि परतावा जरा बरा दाखवता येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुदत संपली आणि अण्णांना ८,९०,००० मिळायचे होते. खात्यात आले ८,८२,२००. “सात हजार आठशे कापलेत, बघा की जरा,” म्हणून ते माझ्याकडे आले. मी बॉण्ड उघडला. ६,२५,००० चे १० टक्के म्हणजे ६२,५००. भरलेला हप्ता पाच लाख. अट आठपटीने मोडलेली. कलम १०(१०डी) ची सूट या पॉलिसीला पहिल्या दिवसापासून नव्हतीच. कंपनीने कलम १९४डीए प्रमाणे मिळालेल्या रकमेतून भरलेला हप्ता वजा केला आणि उरलेल्या ३,९०,००० वर २ टक्के टीडीएस कापला. हा दर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के आहे, त्याआधी ५ होता.

अण्णांना वाटलं, टीडीएस कापला म्हणजे विषय मिटला. इथून पुढेच तर खरा विषय होता. ती रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून त्यांच्या रिटर्नमध्ये येते आणि नेहमीच्या स्लॅबने तिच्यावर कर लागतो. शिवाय उत्पन्न काढताना हप्त्यातला फक्त तेवढाच भाग वजा मिळतो ज्याची वजावट आधी घेतलेली नाही. अण्णांनी २०१५-१६ च्या रिटर्नमध्ये ८०सी खाली ६२,५०० ची वजावट घेतली होती. म्हणून वजा मिळाले ४,३७,५०० आणि उत्पन्न धरलं गेलं ४,५२,५००. टीडीएसच्या कागदावर ३,९०,००० आणि रिटर्नमध्ये ४,५२,५००, हा फरक बघून घाबरू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

कारखान्याचा नफा १०,४०,०००. नवीन कर पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट मिळत असल्याने एरवी अण्णांचा टॅक्स शून्य होता. पॉलिसीचं उत्पन्न मिळवल्यावर एकूण झालं १४,९२,५००. रिबेट गेली. स्लॅबने कर १,०३,८७५, त्यावर ४ टक्के सेस, एकूण १,०८,०३०. कापलेला टीडीएस वजा केला तरी १,००,२३० भरायचे राहिले. आगाऊ कर भरलेला नव्हता, त्यामुळे वर व्याज.

आता परतावा बघा. पाच लाखांचे दहा वर्षांत ८,९०,००० म्हणजे वर्षाला सहा टक्क्यांच्या जरा आत. टॅक्स गेल्यावर तोच साडेचारच्या आसपास येतो. ज्या एफडीला नावं ठेवून ही पॉलिसी गळ्यात मारली, त्या एफडीचं व्याज निदान दर वर्षी थोडं थोडं उत्पन्नात आलं असतं. इथे दहा वर्षांचा नफा एकाच वर्षात अंगावर कोसळला आणि रिबेटही घेऊन गेला. अण्णांचा नफा त्या वर्षी सात लाख असता तर एकूण १२ लाखांच्या आत राहिलं असतं, टॅक्स शून्य लागला असता आणि ७,८०० परत मिळाले असते. म्हणजे किती फटका बसेल हे पॉलिसीपेक्षा मुदत संपते त्या वर्षीच्या तुमच्या उत्पन्नावर ठरतं. आणि ते दहा वर्षं आधी कुणाला सांगता येतं?

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वजावट ६२,५०० वर का थांबली होती? कारण ८०सी लाही हीच १० टक्क्यांची मर्यादा आहे. हप्ता कितीही भरा, वजावट विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतच आणि ८०सी मधलं बाकीचं सगळं धरून दीड लाखापर्यंतच. पाच लाख भरूनही दीड लाखाची पूर्ण वजावट बसली नाही, तेव्हाच मॅच्युरिटीचं काय होणार ते स्पष्ट होतं. वजावट अडली तर सूटही अडणार, दोन्हीकडे तोच भागाकार. दहा वर्षं तो आकडा फाइलमध्ये पडून होता आणि अण्णांना कुणी काही बोललं नाही.

या अटीमागचा हेतू मला पटतो. सरकार सवलत देतं ती घरातला कमावता माणूस गेला तर मागच्यांना आधार राहावा म्हणून. पाच लाख घेऊन सव्वासहा लाखांचं संरक्षण हा नावापुरताच विमा आहे. म्हणूनच मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम १० टक्क्यांची अट मोडलेली असली तरी करमुक्तच राहते. (कंपनीने आपल्या महत्त्वाच्या माणसावर घेतलेली कीमॅन पॉलिसी याला अपवाद.) पण हेतू चांगला असला तरी विकताना दाखवतात त्या परताव्याच्या तक्त्यावर ‘या पॉलिसीची मॅच्युरिटी करपात्र आहे’ असं ठळक छापायला काय हरकत आहे? हप्ता माहीत, विमा रक्कम माहीत, वय माहीत. कॉम्प्युटरला एक भागाकार जड नाही. बारीक अक्षरात ‘प्रचलित कर कायद्यानुसार’ लिहिलं की जबाबदारी संपली, असं मानणं ही शुद्ध चलाखी आहे.

दर वर्षी हप्ता भरायच्या पॉलिसीतही हे घडू शकतं. ४०,००० हप्ता आणि ५ लाख विमा असेल तर आठ टक्के होतात, काळजी नाही. पण २०१९ च्या नियमांनी वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत मृत्यूनंतरची किमान रक्कम हप्त्याच्या सातपट चालते असं केलं. सातपट म्हणजे हप्ता विमा रकमेच्या चौदा टक्क्यांवर गेला. विमा नियामकाच्या दृष्टीने पॉलिसी बरोबर, आयकराच्या दृष्टीने सूट नाही. आणि विमा रक्कम मोजताना बोनस धरायचा नाही, परत मिळणारे हप्ते धरायचे नाहीत; मुदतीत कधीही घटना घडली तर नक्की मिळेल अशी कमीत कमी रक्कम धरायची. एजंट बोनससकट मोठा आकडा दाखवून ‘दहापट आहे की’ म्हणतो, तो आकडा इथे चालत नाही.

नवीन कर पद्धत घेतली म्हणजे विम्याचे पैसे करपात्र झाले, असाही एक गैरसमज नव्या पेठेपासून सात रस्त्यापर्यंत पसरलाय. तसं नाही. नवीन पद्धतीत हप्त्याची ८०सी वजावट जाते, मॅच्युरिटीची सूट दोन्ही पद्धतींत आहे. मात्र वजावट कधीच घेतली नाही म्हणून १० टक्क्यांची अट माफ होते, असंही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, या अटी राहिल्या.

मोठे हप्ते भरणाऱ्या व्यापारी मंडळींसाठी अजून एक कुंपण आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या साध्या पॉलिसींचे हप्ते मिळून कोणत्याही एका वर्षात ५ लाखांच्या वर गेले तर दहापट विमा असूनही सूट अडते. एक पॉलिसी ३ लाखांची आणि दुसरी अडीच लाखांची असेल तर दोन्ही एकदम बाद होत नाहीत. पाच लाखांत बसणारी एक करमुक्त ठेवता येते, शक्यतो जास्त नफ्याची. टर्म इन्शुरन्सचा हप्ता या बेरजेत धरत नाहीत. शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसींना हेच कुंपण अडीच लाखांचं आहे, १ फेब्रुवारी २०२१ नंतरच्या पॉलिसींसाठी.

ज्यांची पॉलिसी या वर्षी संपतेय आणि दहाचा गुणाकार जुळत नाही, त्यांनी आधी त्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाची बेरीज करून बघावी. टॅक्स शून्य येत असेल तर पैसे मिळण्याआधी कंपनीकडे टीडीएस न कापण्याचं घोषणापत्र द्यावं, जे मार्च २०२६ पर्यंत १५जी आणि साठी ओलांडलेल्यांसाठी १५एच होतं; पण साठीच्या आतल्यांना ते पॉलिसीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असेल तरच देता येतं. मग टीडीएस कापला जात नाही. टॅक्स येत असेल तर १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरून टाकावा, बरंचसं व्याज वाचतं. पॅन जोडलेलं नसेल तर टीडीएस २ ऐवजी २० टक्के कापतात, तेही एकदा तपासा.

कमेंटमध्ये विचारा, पण बॉण्डचा फोटो टाकू नका. पॉलिसी घेतल्याची तारीख, हप्ता आणि विमा रक्कम एवढंच लिहा.