'ब्राइट लिव्हर' आणि मामांच्या फ्रिजमधली बाटली

"सोनोग्राफीत लिव्हर ब्राइट दिसलं म्हणजे लिव्हर सडायला लागलं. ग्रेड २ म्हणजे अर्धं लिव्हर गेलं, ग्रेड ३ म्हणजे सिरॉसिस. एसजीपीटी वाढतं ते याच चरबीमुळे, बाकी तपासण्या म्हणजे पैसे उकळणं. गुळवेलीचा काढा रोज उपाशीपोटी ४० दिवस घ्या, चरबी विरघळते."

आमच्या घरच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा मी मनात चार शब्द बोलून पुढे गेले. पण दोन आठवड्यांनी मामांचा फोन आला, "अगं, काढा सुरू करून बारा दिवस झाले, एसजीपीटी परत कधी करू?" मी रोज सोनोग्राफीच करते, आणि घरातल्या माणसाने मला विचारलं ते बारा दिवसांनी.

आधी काढ्याचंच बोलू, कारण बाकीच्या चुकांनी निदान कावीळ तरी होत नाही. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी'मध्ये सहा रुग्णांची हकीकत छापली. कोविडच्या दिवसांत ही माणसं गुळवेल घेत होती आणि लिव्हरला इजा होऊन डॉक्टरांकडे पोचली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पती खरंच गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. हरकत रास्त होती, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेतच. पण पुढच्याच वर्षी देशभरातल्या केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. बाजारातून आणलेल्या कांड्या कुठल्या वेलीच्या, हे मामांनाही माहीत नव्हतं. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असं मी म्हणत नाही. पण ज्याचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, आधीच वाढलेलं आहे त्याने हा प्रयोग करायचा, म्हणजे उद्या आकडा आणखी चढला तर तो चरबीमुळे की काढ्यामुळे, हे सांगणंही अवघड.

आता 'ब्राइट'. पेशींत चरबीचे बारीक थेंब साठले की ध्वनिलहरी जास्त विखुरतात, प्रोबकडे जास्त परततात आणि पडद्यावर लिव्हर पांढुरकं दिसतं. किती पांढरं, हे आम्ही शेजारच्या उजव्या किडनीशी ताडून बघतो, कारण मशिनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवला तर सगळंच पांढरं होतं. लिव्हर नुसतं उजळ असेल तर ग्रेड १. आतल्या शिरांच्या भिंती पुसट झाल्या की २. लहरी खोल पोचत नाहीत आणि मागचा पडदा, म्हणजे डायफ्राम, दिसेनासा झाला की ३. थोडक्यात, ग्रेड चरबीने किती धूसर झालंय ते सांगतो. किती 'गेलं' ते नाही. ग्रेड ३ असून व्रण, म्हणजे इजेनंतर उरणारे कडक वण, नसलेली लिव्हर मी पाहिली आहेत, आणि सिरॉसिस, म्हणजे अशा व्रणांनी भरलेलं लिव्हर, पुढे गेल्यावर चरबी उलट ओसरू शकते. शिवाय चरबी वीस-तीस टक्क्यांहून कमी असली तर सोनोग्राफीला ती बऱ्याचदा दिसतच नाही.

"बाकी तपासण्या म्हणजे पैसे उकळणं" यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते: पॅकेजच्या नावाखाली लोकांना उगीच लुबाडलं जातं. पण चरबी दिसली म्हणून एन्झाइम तिच्यामुळेच वाढले, असं ठरत नाही. चरबी आणि हिपॅटायटिस बी एकाच माणसात नांदू शकतात. त्यामुळे बी आणि सीची तपासणी, दारूची खरी विचारपूस आणि चालू औषधांची यादी, एवढं तरी हवंच.

आणि व्रणाचा अंदाज तर हाताशी असलेल्या आकड्यांतून येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम, त्याला भागायचं प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. मामा ५२ वर्षांचे, काढ्याआधीच्या रिपोर्टात एसजीओटी ४८, एसजीपीटी ७०, प्लेटलेट्स १ लाख ९० हजार. उत्तर सुमारे १.५७. १.३च्या खाली असतं तर व्रणाची शक्यता कमी म्हणून थांबता आलं असतं (पासष्टीपुढे ही रेघ २ धरतात). २.६७च्या वर असतं तर थेट यकृततज्ज्ञ. मामा मध्ये अडकले, म्हणून लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन केलं. ६.८ किलोपास्कल. आठच्या आत, म्हणजे पुढे गेलेले व्रण असण्याची शक्यता कमी. बी, सी निगेटिव्ह.

'चरबी विरघळते' हेही अगदीच खोटं नाही, फक्त काढ्याने नाही. वजन पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांवर सूजही उतरू लागते. ८४ किलोच्या मामांसाठी म्हणजे सहा ते साडेआठ किलो. मधुमेह निघाला तर तो आधी आटोक्यात आणायचा.

काल गेले होते त्यांच्याकडे. फ्रिजमधली बाटली मीच सिंकमध्ये ओतली. मामी म्हणाल्या, "बरं झालं, भांडी कडू झाली होती माझी." मामा गप्प होते. मग हळूच विचारलं, "आणि लिंबूपाणी चालेल ना?" चालेल, म्हटलं, साखर न घालता.