खारीचा झाला उंदीर

बाणेरच्या एका कंपनीचं बचतीचं ॲप आहे आणि त्यांचा मॅस्कॉट आहे खारूताई. चपटी, केशरी, बसलेली, हातात शेंगदाणा आणि मागे डोक्याच्याही वर जाणारी भली मोठी शेपटी. मार्केटिंगच्या मॅडम म्हणाल्या, फार काही नाही करायचं, ॲपच्या आयकॉनसाठी आहे तीच खार जरा क्लेसारखी थ्रीडी करायची, मऊ मऊ, गुबगुबीत, "पण ओळखू आली पाहिजे हं". मी म्हणलं दोन दिवसांत देतो. हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा बोललोय तेवढ्या वेळा पस्तावलोय.

पहिल्या दिवशी चित्राची एसव्हीजी फाइल ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घेतली, जाडी दिली, कडा गोल केल्या आणि झाली की थ्रीडी! म्हणजे बिस्कीट झालं. खारीच्या आकाराचं बिस्कीट. चहात बुडवावं असं. मग कळलं की नुसती जाडी देऊन भागत नाही, डोकं वेगळं, पोट वेगळं, शेपटी वेगळी असे गोळे करून ते एकमेकांवर बसवायला लागतात.

आणि इथे चपट्या चित्राची लबाडी उघडी पडते. ज्याने कोणी ती मूळ खार काढली होती त्याने तोंड काढलंय समोरून, अंग काढलंय बाजूने, आणि पाठीवरचे तीन पट्टे तरीही दिसतायत, कारण कागदावर सगळं चालतं. खऱ्या खारीला असं बसवलं तर तिची मान मोडेल. मी तसंच्या तसं बसवलं, सगळं अगदी प्रामाणिकपणे फुगवलं, शेपटी चारी बाजूंनी गोल केली, आणि सगळे गोळे एकजीव व्हावेत म्हणून रीमेश मारलं. रीमेश म्हणजे ब्लेंडर अख्ख्या आकाराची बारीक चौकोनी ठोकळ्यांत पुन्हा मोजणी करतो. आता ठोकळा जर फटीपेक्षा मोठा असेल तर फट बुजते, हे मला ऐकून माहीत होतं पण रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी स्क्रीनवर एक केशरी ढेकूळ होतं आणि त्याला डोळे होते.

मुलगी शाळेत जाता जाता वाकून बघून म्हणाली, "बाबा, हा उंदीर उशी घेऊन का बसलाय?"

मी ते मनावर घेतलं.

आमच्या खाली तळमजल्यावर काका राहतात, दरवर्षी शाडूचे गणपती करतात. जुलै चालू होता, म्हणजे त्यांचं घर सगळं पाटावरच्या मूर्तींनी भरलेलं. म्हणलं यांना विचारावं, माती कळणारा माणूस आहे. त्यांनी मोबाइलवर माझी खार बघितली, चष्मा वर केला, परत बघितली.

"कोणी सांगितलंय हे?"

"कंपनीने."

"पैसे देणारेत?"

मग त्यांनी मला शाडूचा एक गोळा दिला आणि म्हणाले, "आधी हाताने करून बघ, कळेल तुझं काय चुकतंय ते". मी पाऊण तास खपून खार केली. काकांनी ती पाटासकट उचलली, खिडकीपाशी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, एक डोळा मिटून बघ. नाक नाही, डोळे नाहीत, पट्टे नाहीत, नुसती काळी आकृती. आणि ती आकृती उंदराचीच होती, वादच नाही.

"अरे, शेपटी आणि डोकं यांच्यामध्ये फट कुठाय? गणपतीचा वर केलेला हात कानाला चिकटला तर लांबून हात दिसेल का? आधी फट करायची, मग हात करायचा."

मी तिथेच मोबाइलवर मूळ चित्र काळं करून बघितलं. खार खारीसारखी दिसत होती ती झुबकेदार शेपटीमुळे नाही, तर शेपटी आणि पाठ-डोकं यांच्यामधल्या त्या पांढऱ्या, चंद्रकोरीसारख्या फटीमुळे. मी सगळं फुगवलं आणि नेमकी तीच खाल्ली. मातीत ती फट कोरायला गेलो तर शेपटी तुटून पडली. ती गोष्ट वेगळी.

वर येऊन सगळं नव्याने केलं. शेपटीची रुंदी समोरून मूळ चित्राइतकीच ठेवली, पण खोली मात्र रुंदीच्या जेमतेम चाळीस टक्के, म्हणजे बाजूने बघितलं तर शेपटी पुरणपोळीची मोठी बहीण वाटते, पण बाजूने बघणार कोण! आयकॉनला एकच बाजू असते. गोळे एकजीव करायचा नाद सोडला, नुसते एकमेकांत थोडे रुतवले, कारण हाताने केलेल्या मातीत जोडाशी बारीक खाच राहते आणि तिथे सावली बसते, मूळ चित्रातल्या काळ्या आउटलाइनचं काम आता तीच करते. आणि फट मुद्दाम दीडपट रुंद केली. गोल कडा फटीकडे वळताना काळवंडतात, त्यामुळे मापाने तेवढीच ठेवलेली फट डोळ्याला अरुंद दिसते, आणि आयकॉन 48 पिक्सेलवर आणला की उरलीसुरली पण गायब होते.

तरी शेपटी बारकी दिसत होती. आकार तपासून तपासून वेडा झालो, शेवटी दोष कॅमेऱ्याचा निघाला. मी तो खारीच्या तोंडाशी नेऊन ठेवलेला, त्यामुळे पुढचं नाक मोठं आणि मागची शेपटी लहान, लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मामासारखी. `Orthographic` केला, लांबचं-जवळचं सगळं सारखं झालं, मूळ चित्र अर्धपारदर्शक करून वर ठेवलं आणि बाह्यरेषा बसली!

मातीचा पोत हे त्या मानाने सोपं, पण त्यातही हात पोळून घेतला. `Roughness` कमी ठेवला तर बादलीचं प्लॅस्टिक, पूर्ण वाढवला तर कणकेचा उंडा, 0.65 ला माती. वरून एक मोठा लाइट, मोठाच, कारण लाइट छोटा असला की सावलीची कड सुरीसारखी येते आणि मऊपणा मेला. बोटांचे ठसे म्हणून हलकासा उंचसखलपणा दिला, तो पहिल्यांदा जास्त झाला आणि खारीला कांजिण्या आल्या.

मग मॅडमचा फोन. "आपला केशरी हा नाहीये." खरंच नव्हता. ब्लेंडर रंग आपल्या `AgX` नावाच्या चाळणीतून काढतो, त्यात भडक रंग फिके पडतात. फोटोसारख्या चित्रांना छान, कंपनीच्या केशरीला घातक. तिथे `Standard` केलं. उजेडातला भाग फिका आणि सावलीतला गडद राहणारच, पण मधला भाग जुळला की डोळा मान्य करतो आणि मॅडमपण.

पट्टे शेवटी राहिले होते. रंगवले तर स्टिकर वाटत होते. रामाने खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली म्हणतात ना, तशीच फिरवली, तीन उथळ खाचा, आत साय रंग. 48 पिक्सेलवर त्या दिसत नाहीत हे मी कंपनीला सांगितलेलं नाही.

अकराव्या दिवशी पास झालं. खाली जाऊन काकांना दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरला, एक डोळा मिटला.

"हं. खार आहे."

पुणेरी माणसाकडून एवढं म्हणजे पुरस्कारच, मी निघालोच होतो, तेवढ्यात म्हणाले, "पण ती पहिली जास्त जमली होती". आणि पाटाकडे बोट दाखवलं. शेपटी तुटलेली माझी शाडूची खार त्यांनी वाळवून, कान जरा दाबून, हातातल्या शेंगदाण्याचा मोदक करून एका गणपतीच्या पायाशी बसवली होती. त्या मूर्तीचं बुकिंग झालेलं होतं.