दोन किल्ल्या, सात चहा

बदलीच्या ऑर्डरबरोबर मला तालुक्याच्या गावातली शाखा मिळाली, नऊ माणसं मिळाली आणि एक फाइल मिळाली. फाइलवर ‘किरकोळ’ असं लिहिलं होतं. आत दोन वर्षांतली ११ पत्रं होती, त्यातली सात हेड कॅशियर आणि अकाउंटंट यांनी एकमेकांविरुद्ध लिहिलेली.

बँकेबाहेरच्यांना यातली खरी गंमत कळायची नाही. आमची तिजोरी एकट्याला उघडता येत नाही. दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात आणि दोघं हजर असले तरच दार उघडतं. बंदोबस्त चोख आहे. फक्त ज्याने तो शोधला त्याने ही दोन माणसं एकमेकांशी बोलत असतील असं गृहीत धरलं होतं. आमची बोलत नव्हती. रोज सकाळी शेजारी उभे राहून आपापली किल्ली फिरवायचे, तोंडं दोन भिंतींकडे. अगदीच गरज पडली तर मधे मामा, म्हणजे आमचे शिपाई.

“मामा, त्यांना सांगा, पाचशेचं एक बंडल कमी आहे.”

“मामा, त्यांना सांगा, मला दिसतंय.”

मामा दोन्ही वाक्यं तीन फुटांच्या अंतरात इमानेइतबारे पोचवायचे.

पहिल्या दिवशी मला सात चहा झाले. प्रत्येक कपाबरोबर एक माणूस आणि एकच वाक्य यायचं, “तक्रार म्हणून नाही हं मॅडम, आपलं तुमच्या कानावर असावं.” एकाचा प्यायला आणि दुसऱ्याचा नाकारला, तर दुपारपर्यंत माझा पक्ष जाहीर झाला असता. म्हणून सगळे प्यायले. रात्री जेलुसिल घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं, चहा ११ वाजता, सगळ्यांना एकदम, पैसे माझे.

मग एकेकाला केबिनमध्ये वीस-वीस मिनिटं बसवलं. प्रश्न सगळ्यांना तेच तीन: तुमचं काम काय, ते कुठे अडतं, आणि मी कशाला हात लावू नये. तिसऱ्यालाच सगळ्यात जास्त माहिती निघते, असा माझा अनुभव आहे. वहीत दोन रकाने आखले होते, ‘ऐकलं’ आणि ‘पाहिलं’. संध्याकाळी ‘ऐकलं’ची चार पानं भरली होती. ‘पाहिलं’खाली एकच ओळ होती: पंखा वाजतो.

“मॅडम, हे आपल्या दोघांतच,” असं कुणी सुरू केलं की मी आधीच सांगून टाकायचे, की पैशाच्या गडबडीचं किंवा कुणाच्या छळाचं असेल तर मला ते वर कळवावंच लागेल. त्यावर बरीचशी गुपितं घशातच विरली. उरली ती बहुतेक पार्किंगच्या सावलीबद्दलची होती.

तर मूळ भांडण असं. कॅशियर म्हणत, अकाउंटंट ‘रोज’ उशिरा येतात, तिजोरी अडते आणि काउंटरवरच्या शिव्या मला खाव्या लागतात. अकाउंटंट म्हणत, कॅशियर मुद्दाम माझ्या वेळा टिपून ठेवतात. शाखेचे या विषयावर दोन तट होते, आणि मी कुठल्या तटावर चढते इकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मी रजिस्टर उघडलं. तिजोरी उघडल्याची वेळ त्यात लिहिलेली असते, खाली दोघांच्या सह्या. गेल्या तीन महिन्यांत ती ११ वेळा उशिरा उघडली होती, आणि ११ च्या ११ वेळा मंगळवार होता. मंगळवारी गावचा बाजार. अकाउंटंटची एसटी गुरांच्या टेम्पोंमागे अडकायची.

मी आधीच्या साहेबांना फोन लावला. कोण चांगलं, कोण वाईट हे विचारलं नाही. तसं विचारलं की उत्तर ‘दोघंही चांगले आहेत’ असंच येतं. मंगळवारबद्दल कुणाला काही बोलला होतात का, एवढंच विचारलं. “हो हो,” साहेब म्हणाले, “अकाउंटंटना म्हटलं होतं, बाजाराच्या दिवशी वीस मिनिटं चालतील.” आणि कॅशियरना? “त्यांना म्हटलं, मी बघतो.”

म्हणजे उशीर खरा, सवलतही खरी, फक्त ती कागदावर नव्हती आणि तिची खबर कॅशियरना कुणी दिली नव्हती. दोन भल्या माणसांनी दोन वर्षं सात पत्रं लिहिली, ती साहेबांच्या गोड स्वभावापायी.

मी ऑफिस ऑर्डर काढली. सोमवारी संध्याकाळी रोकड बंद झाली की अकाउंटंटनी आपली किल्ली रजिस्टरात नोंद करून, सही घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची आणि मंगळवारी आल्यावर तशीच परत घ्यायची. मागच्या पत्रांवर कोण बरोबर, कोण चूक असा शेरा मारला नाही. ऑर्डर दोघांना एकाच वेळी, एकाच टेबलाशी वाचायला दिली. दोघांनी वाचली, सह्या केल्या, आणि “मामा, मॅडमना सांगा, ठीक आहे,” असं दोघंही मामांना म्हणाले.

पुढच्या मंगळवारी तिजोरी वेळेवर उघडली. शुक्रवारी फाइलमध्ये बारावं पत्र आलं. खाली पहिल्यांदाच कॅशियर आणि अकाउंटंट या दोघांच्या सह्या शेजारी-शेजारी होत्या.

विषय: अकरा वाजताचा चहा पांचट असल्याबाबत.